उकळत्या पाण्यात शंभर दाखवणारा थर्मामीटर



स्वयंपाकघरात थर्मामीटर आणायची टूम आता आपल्याकडेही आली आहे. पूर्वी विरजण लावताना दुधात करंगळी बुडवून पाहायची, लाडवाचा पाक अंगठा आणि तर्जनीत धरून तार पाहायची, एवढ्यावर काम भागायचं. आता सुना लांब सळईचा, वर आकड्यांची खिडकी असलेला थर्मामीटर मागवतात आणि दूध बेचाळीस अंशांवर आलं की विरजण लावतात. माझा याला विरोध नाही. करंगळी प्रत्येकीची वेगळी असते, थंडीत तिला दूध जास्त गरम लागतं आणि उन्हाळ्यात कमी. आकडा आला की निदान सासू आणि सून एकाच गोष्टीबद्दल बोलतात.

माझी तक्रार वेगळी आहे. आपण घरचा वजनकाटा अधूनमधून दुकानातल्या सीलबंद पुड्यावर पडताळून पाहतो. सोनाराकडचा काटा तर डोळ्यांत तेल घालून पाहतो. थर्मामीटर मात्र डब्यातून काढला, बॅटरीची पट्टी ओढली, की तो सांगेल ते खरं मानतो. या स्वस्त थर्मामीटरच्या खोक्यावरच बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की एक अंश इकडेतिकडे होईल. काहींना त्याहून जास्त फरक असतो. तो आपल्या नगाला किती आहे आणि कोणत्या बाजूला आहे, हे शोधायला घरातलं बर्फाचं पाणी आणि उकळतं पाणी पुरतं. अर्ध्या तासाचं काम आहे. पण ते करण्याची जी पद्धत एकमेकींना सांगितली जाते, ती निम्मी चुकीची आहे असं माझं मत आहे. हा लेख त्या निम्म्यासाठी.

आधी उकळत्या पाण्याचंच घेते, कारण खरी गफलत तिथे होते.

पाणी शंभर अंशांना उकळतं हे आपण सातवीआठवीत पाठ केलं. त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग बहुतेकींच्या लक्षात राहिला नाही. शंभर अंशांना उकळतं, पण समुद्रसपाटीला, हवेचा नेहमीचा दाब असताना. जसजसं उंचावर जावं तसतसा वरच्या हवेचा भार कमी होतो आणि पाण्याला उकळी लवकर फुटते. आपल्या कामापुरता हिशेब असा की दर तीनशे मीटर उंचीला उकळबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. मुंबईत पाणी शंभराला उकळतं. पुणे आणि कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहेत, म्हणून इथे ते अठ्ठ्याण्णवच्या आसपास उकळतं. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर, तिथे साडेपंचाण्णव. माउंट अबूच्या यात्रेला गेलेल्या बायका परत आल्यावर सांगतात की तिथे उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. डाळ दुसरी नसते. तिथलं पाणीच शहाण्णवच्या आसपास उकळायला लागतं. मग तुम्ही गॅस कितीही मोठा करा, पाणी जोरात उकळेल, लवकर आटेल, पण त्याहून गरम होणार नाही.

हे समजलं नाही तर काय होतं ते मी आमच्याच गल्लीत पाहिलं. एका घरी चातुर्मासात महाराजसाहेबांचं येणं होतं म्हणून पाणी उकळायला ठेवलेलं. आपल्याकडे जुन्या बायका सांगतात की तीन उकळ्या आल्या पाहिजेत. तिथली नवी सून शिकलेली आणि काळजी घेणारी. तिने पातेल्यात थर्मामीटर धरला आणि सासूला म्हणाली, "आई, अजून अठ्ठ्याण्णवच दाखवतंय, शंभर झालं नाही. गॅस बंद करू नका." सासूबाई म्हणाल्या, "अगं, तीन उकळ्या केव्हाच येऊन गेल्या." पाणी आटत चाललेलं, गॅस जळतोय, आणि दोघींपैकी कोणीच हटेना. खरं पाहिलं तर थर्मामीटर चांगला होता आणि पाणीही पूर्ण उकळलेलं होतं. कोल्हापुरात ते शंभरावर कधीच गेलं नसतं, रात्रभर ठेवलं असतं तरी. सगळं पाणी खळखळून खालीवर होतंय, ही उकळण्याची खूण डोळ्यांना दिसते, तिला आकड्याची साक्ष लागत नाही. म्हणून मी म्हणते की या प्रयोगात परीक्षा थर्मामीटरची असते. पाण्याची नव्हे.

आता याच्या उलट बाजू पाहा, ती जास्त फसवी आहे. माझ्या धाकट्या जाऊबाईंचा थर्मामीटर उकळत्या पाण्यात बरोब्बर शंभर दाखवायचा. त्या खुशीत होत्या. "ताई, माझा एकदम बिनचूक आहे," असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. मी म्हटलं, तुम्ही मुंबईला राहत असता तर मी मान्य केलं असतं. कोल्हापुरात शंभर दाखवतो म्हणजे तो दोन अंश जास्त दाखवतो. सुंदर, गोल आकडा दिसला की माणूस पुढची चौकशी करत नाही. खातेवहीत दोन्ही बाजू जुळल्या की आपण मान वर करतो, तसंच हे.

मग त्यांचा थर्मामीटर आम्ही दोघींनी मिळून रीतसर तपासला. तोच हिशेब इथे सविस्तर देते, म्हणजे तुम्हाला तुमचे आकडे घालून तो करता येईल.

पहिली पायरी बर्फाची. इथेही सोपं वाटून लोक चुकतात. पाण्याच्या पेल्यात बर्फाचे चार खडे तरंगत ठेवले म्हणजे पाणी शून्य अंशाला आलं असं नाही. थंड होणारं पाणी चार अंशांना सगळ्यात जड असतं, ते तळाशी जाऊन बसतं. वर बर्फ, वरचं पाणी शून्याजवळ आणि सळईचं टोक जिथे टेकतं तिथे तीनचार अंश. बिचारा खरं सांगणारा थर्मामीटरही मग नापास होतो. म्हणून बर्फ कुटून घ्यायचा. जाड फडक्यात गुंडाळून बत्त्याने ठेचला की झालं. मोठा पेला त्या चुऱ्याने तळापासून काठापर्यंत भरायचा. मग थंड पाणी अगदी बेताने ओतायचं, चुऱ्यातल्या फटी भरतील एवढंच. बर्फ वर तरंगायला लागला आणि खाली नुसतं पाणी दिसलं तर पाणी जास्त झालं, ते काढून टाका आणि चुरा वाढवा. पेल्यात जे दिसायला हवं ते बर्फाच्या गोळेवाल्याच्या ओल्या चुऱ्यासारखं.

पाणी घालायचंच नाही, कोरडाच चुरा वापरायचा, असंही कुणी सांगेल. ते ऐकू नका. फ्रीझरमधून काढलेला बर्फ शून्याच्या बराच खाली, उणे दहापंधरा अंशांवर असतो. तो कोरडा असताना सळईला चिकटला तर आकडा शून्याखाली जातो. बर्फ आणि पाणी दोन्ही एकत्र असून बर्फ वितळत असतो, तेव्हाच ते मिश्रण शून्यावर टिकून राहतं. बर्फाच्या पृष्ठभागावरची पांढरी भुकटी जाऊन तो काचेसारखा ओला दिसू लागला की तयार समजायचं. दोनतीन मिनिटं थांबा, ढवळा, आणि सळई मध्यभागी उभी धरा. टोक तळाला आणि बाजूंना लागू देऊ नका. अर्ध्या मिनिटाने आकडा हलायचा थांबतो. पुन्हा एकदा ढवळा. तोच आकडा राहिला तर लिहून घ्या.

पाणी आणि भांडं स्वच्छ हवं, विशेषतः मिठाचं हात लागलेलं नको. लिटरभर पाण्यात दोन चमचे मीठ, म्हणजे दहा ग्रॅम, गेलं तर गोठणबिंदू अर्ध्या अंशाहून जास्त खाली जातो. आईस्क्रीमच्या लाकडी पॉटमध्ये बर्फावर मीठ टाकायचे ते यासाठीच. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी मात्र आपल्या कामात फरक पडत नाही, त्याची काळजी करू नका.

आता ज्यांनी बर्फाचा त्याग केला आहे त्यांच्यासाठी. बावीस अभक्ष्यांत बर्फ येतो, त्यामुळे आपल्यातल्या कित्येक घरांत तो खाण्यासाठी करत नाहीतच, पण काही जणी दुसऱ्या कामासाठीही घरात नको म्हणतात. ज्यांचा जसा नियम तसा त्यांनी पाळावा, थर्मामीटरसाठी तो वाकवायची गरज नाही. दुसरा मार्ग आहे. मैत्रिणीचा तपासलेला, फरक माहीत असलेला थर्मामीटर अर्ध्या तासासाठी आणा. दोन्हींच्या सळया टोकाला टोक जुळवून दोऱ्याने एकत्र बांधा आणि माठातल्या थंड पाण्याच्या तांब्यात धरून ढवळत राहा. तिच्या आकड्यातून तिचा फरक काढला की पाण्याचं खरं तापमान मिळालं, आणि तुमचा आकडा त्याच्यापेक्षा किती वेगळा ते दिसलं. शून्याऐवजी तुमचा खालचा मुक्काम वीसबावीस अंशांवर असेल एवढंच. दही, दूध, पाक यांच्यासाठी तो पुरेसा खाली आहे.

जाऊबाईंच्या थर्मामीटरने बर्फाच्या पेल्यात एक दाखवला. शून्याऐवजी एक. म्हणजे खालच्या टोकाला एक अंश जास्त.

दुसरी पायरी उकळत्या पाण्याची. खोल पातेलं घ्या, निदान चार बोटं पाणी राहील असं. पाणी गरम व्हायला लागलं की आधी कडेला बारीक बुडबुडे येतात. ती पाण्यात विरघळलेली हवा असते, उकळी नव्हे, तेव्हा पाणी बरंच थंड असतं. सगळं पाणी मोठमोठ्या बुडबुड्यांनी उसळायला लागलं आणि ढवळल्यावरही उसळी थांबली नाही, की मग सळई धरायची. टोक पाण्याच्या मधोमध, तळापासून बोटभर वर. तळाला टेकलं तर ते आचेवरच्या तळाचं तापमान दाखवतं, आणि वर वाफेत नुसतं धरलं तरी आकडा नीट येत नाही. हात वाफेत राहतो म्हणून सळई सांडशीत धरा, किंवा झाऱ्याच्या भोकातून ओवून झारा पातेल्यावर आडवा ठेवा. मी झारा वापरते. गोल तबकडी आणि काटा असलेला थर्मामीटर असेल तर सळई निदान चार बोटं बुडायला हवी, कारण त्याची आतली गुंडाळी टोकापासून बरीच वरपर्यंत असते. प्रेशर कुकरमध्ये हा प्रयोग करायचा नाही हे सांगायला नको, तिथे दाबामुळे पाणी एकशेवीसच्या आसपास जातं.

आपल्यापैकी ज्यांच्याकडे रोज सकाळी पाणी उकळतंच, त्यांना वेगळी आच लागत नाही. पिण्याच्या पाण्यात सळई बुडवायची नसेल तर त्यातलंच थोडं छोट्या पातेल्यात घ्या आणि झाल्यावर भांडी धुवायला वापरा. बर्फाच्या पेल्यातलं पाणीही वितळल्यावर कुंडीत घालता येतं.

किती आकडा यायला हवा, हे आपल्या गावाच्या उंचीवरून ठरवायचं. गावाची उंची फोनवर शोधली की मिळते. मीटरमधली उंची भागिले तीनशे, आलेला आकडा शंभरातून वजा. घर कितव्या मजल्यावर आहे याने काही बिघडत नाही, दहाव्या मजल्यालाही अंशाचा दहावा हिस्साच फरक पडतो. एक सावधगिरी मात्र बाळगा. एका मैत्रिणीच्या मुलाने फोनवरच्या हवामानाच्या पानावरून हवेचा दाब घेतला आणि त्यावरून उकळबिंदू काढला. उत्तर आलं जवळजवळ शंभर, आणि तेही कोल्हापुरात. कारण ती पानं दाब समुद्रसपाटीला असता तर किती असता तसा बदलून दाखवतात, म्हणजे गावागावांची तुलना करता येते. तो आकडा आपल्या पातेल्याच्या कामाचा नाही. उंचीवरूनच चला. पावसाळी हवेने दाब थोडा उतरतो तेव्हा दोनतीन दशांश फरक येईल, तो घरच्या कामात सोडून द्यायचा.

आमचा आकडा यायला हवा होता अठ्ठ्याण्णव, आला शंभर. वरच्या टोकाला दोन अंश जास्त.

खाली एक, वर दोन. इथे जाऊबाई म्हणाल्या, "मग सरळ सगळीकडे दीड वजा करू या." चालेल, अगदीच घाईचं काम असेल तर. पण मला बी.कॉम.च्या कॉस्टिंगच्या तासाची आठवण झाली. कारखान्याच्या खर्चाचे दोन भाग शिकवायचे. एक स्थिर खर्च, माल निघो न निघो, भाडं द्यावंच लागतं. दुसरा बदलता खर्च, जितका माल वाढेल तितका तो वाढतो. थर्मामीटरची चूकही तशीच दोन भागांची असते. जाऊबाईंच्या थर्मामीटरचं भाडं एक अंश आहे, ते शून्यावरही द्यावं लागतं. त्यावर शून्यापासून अठ्ठ्याण्णवपर्यंत चढताना आणखी एक अंश हळूहळू भरत जातो. अर्ध्या वाटेवर, पन्नाशीच्या जवळ, तो अर्धा भरलेला असतो.

सूत्र हवं असेल त्यांच्यासाठी: दिसणाऱ्या आकड्यातून बर्फातला आकडा वजा करा, मग आपल्या गावच्या उकळबिंदूने गुणा, आणि उकळत्या पाण्यातला व बर्फातला आकडा यांच्या फरकाने भागा. जाऊबाईंच्या बाबतीत दुधात चव्वेचाळीस दिसले तर चव्वेचाळीस वजा एक त्रेचाळीस, गुणिले अठ्ठ्याण्णव, भागिले नव्व्याण्णव. उत्तर साडेबेचाळीसच्या किंचित वर. म्हणजे चव्वेचाळीस दिसतात तेव्हा दूध खरं साडेबेचाळीस आहे.

रोज कोण गुणाकार करणार? आम्ही एक चिठ्ठी केली आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. तीसपर्यंत दिसलं तर एक वजा. तीस ते सत्तर दीड वजा. सत्तरच्या वर दोन वजा. शेवटच्या दशांशापर्यंत हे बरोबर नाही, पण जो थर्मामीटर स्वतःच अर्ध्या अंशाने चळतो त्याच्यासाठी याहून बारीक हिशेब करणं म्हणजे भाजी किलोच्या काट्यावर आणि कोथिंबीर सोनाराकडे तोलण्यासारखं आहे.

चिठ्ठीवर 'वजा' हा शब्द लिहायला विसरू नका. जास्त दाखवणाऱ्यातून वजा, कमी दाखवणाऱ्यात मिळवायचं. नुसतं 'दीड' लिहून ठेवलं तर सहा महिन्यांनी कोणी तरी मिळवणार, आणि दीडाचा फरक तीनावर जाणार. आणि जेव्हा विशिष्ट तापमान गाठायचं असतं तेव्हा उलटं करावं लागतं. दूध खऱ्या बेचाळीसला आणायचं तर या थर्मामीटरवर साडेत्रेचाळीस दिसेपर्यंत थांबायचं. बायकांचा इथे गोंधळ होतो म्हणून चिठ्ठीच्या खाली एक ओळ वेगळी लिहिली: 'विरजण, साडेत्रेचाळीस दिसले की.'

दीड अंशाने असं काय बिघडतं, असं तुम्ही विचाराल. दह्याला फारसं नाही. चाळीसला लावा, त्रेचाळीसला लावा, दही लागेल, तासभर मागेपुढे होईल. जे थर्मामीटर चारपाच अंशांनी कमी दाखवतात त्यांच्यात खरा घोटाळा आहे. तुम्हाला पंचेचाळीस दिसतात, दूध असतं पन्नासला, आणि तिथे विरजणातले जिवाणू मार खातात. मग दही लागत नाही आणि दोष विरजणाला किंवा दूधवाल्याला जातो.

पाकाचं मात्र एकदोन अंशांत होतं. रव्याच्या लाडवाचा पाक कच्चा राहिला तर लाडू बसतात, पुढे गेला तर दगड होतात, आणि पाच किलो रवा भाजून झालेला असतो तेव्हा हा फरक परवडत नाही. पुस्तकात किंवा व्हिडिओत पाकाचं जे तापमान दिलेलं असतं ते बहुधा समुद्रसपाटीचं असतं. आपल्या गावात पाणीच दोन अंश आधी उकळतं, तर पाकही दोन अंश आधी तयार होतो. त्यात आपल्या थर्मामीटरची चूक मिळवा. इथे एक सोपी युक्ती आहे आणि माझ्या मते पाकासाठी तीच वापरावी. सूत्रही नको आणि गावाची उंचीही नको. त्या दिवशी त्याच थर्मामीटरने आधी साधं उकळतं पाणी मोजा. मग पाक त्या आकड्याच्या किती वर न्यायचा एवढंच लक्षात ठेवा. माझ्याकडे रव्याच्या लाडवाचा एकतारी पाक उकळत्या पाण्याच्या सहासात अंश वर नेला की बसतो. थर्मामीटर पाण्यात शंभर दाखवत असेल तर एकशेसहा, अठ्ठ्याण्णव दाखवत असेल तर एकशेचार. उंचीचा आणि थर्मामीटरचा फरक दोन्हीकडे सारखाच लागतो, म्हणून वजाबाकीत कटून जातो. तुमच्या हाताच्या पाकाला किती अंश लागतात ते एकदा बोटावर तार पाहून ठरवा आणि वहीत लिहा. ती वही मग मुंबईच्या लेकीलाही चालते आणि बेळगावच्या बहिणीलाही.

काही थर्मामीटरवर 'कॅल' लिहिलेलं बटण असतं, तबकडीवाल्यांना मागे एक नट असतो. बर्फात धरून बटण दाबा, आकडा शून्य होईल, झालं काम, असं माहितीपत्रक सांगतं. मला हे अर्धवट वाटतं. बटण सगळ्या आकड्यांना सारखंच खाली सरकवतं, म्हणजे फक्त भाडं माफ करतं. जाऊबाईंच्या थर्मामीटरला ते बटण असतं तर बर्फात शून्य आला असता, आणि उकळत्या पाण्यात तो अजूनही एक अंश जास्तच दाखवत राहिला असता. आता तर तपासलेला म्हणून त्याच्यावर विश्वासही जास्त बसला असता. ज्यांना थर्मामीटर मुख्यतः पाकासाठी हवा आहे त्यांनी नट उकळत्या पाण्यात ठेवून आपल्या गावच्या आकड्याला लावावा. तबकडीवाल्याला हे जमतं. बटणाने शून्यच होणार असेल तर बटणाला हात न लावता चिठ्ठीवर चालावं.

या दोन मुक्कामांच्या बाहेर काय होतं, ते यातून कळत नाही. तळणीचं तेल एकशेऐंशीच्या घरात जातं. शून्य ते अठ्ठ्याण्णव आम्ही तपासलं, मध्ये चूक सरळ रेषेत वाढत असेल असं धरलं, आणि बहुतेक वेळा ते खरं निघतं. पण तीच रेषा आणखी ऐंशी अंश पुढे ओढणं म्हणजे दोन महिन्यांच्या नफ्यावरून पाच वर्षांचा अंदाज बांधणं. तेलासाठी पुरी टाकून पाहणं मला अजून जास्त भरवशाचं वाटतं.

आता एक गोष्ट मी जरा जोर देऊन सांगते. हा प्रयोग तापाच्या थर्मामीटरवर करायचा नाही. पाऱ्याचा जुना थर्मामीटर उकळत्या पाण्यात धरला तर फुटतो आणि पारा पातेल्यात जातो. त्याची पट्टी पस्तीस ते बेचाळीस अंशांचीच असते, त्यापुढे पाऱ्याला जायला जागा नसते. नव्या आकड्यांच्या तापमापकालाही एवढी उष्णता सोसत नाही, आणि बर्फात तो 'कमी आहे' एवढीच खूण दाखवतो, आकडा नाही. त्याला तपासायचं तर कोमट पाण्यात दुसऱ्या चांगल्या तापमापकासोबत धरून पाहता येतं, तेही मडक्यावर लिहिलेल्या सूचना पाहून, पाण्यात बुडवायला चालणारा असेल तरच. दोघांत अर्ध्या अंशाहून जास्त फरक दिसला तर चिठ्ठी वगैरे करत बसू नका, नवा आणा. बाळाच्या तापाला वजा-अधिकचा हिशेब रात्री दोन वाजता डोळे चोळत करायचा नसतो.

स्वयंपाकघरातला थर्मामीटर मात्र चूक दाखवतो म्हणून फेकायचं कारण नाही. कसला फेकायचा ते सांगते. बर्फाची परीक्षा एकदा घेऊन थांबू नका, सळई बाहेर काढा, पाच मिनिटांनी पुन्हा घ्या, असं तीनदा करा. एक, एक, एक आलं, किंवा एक, सव्वा, एक आलं, तर तो थर्मामीटर कामाचा आहे. रोज ठरलेली पाच मिनिटं पुढे असणाऱ्या घड्याळाबरोबर माणूस आयुष्य काढतो. पण एक, तीन, उणे दोन असे आकडे आले तर त्याला कोणतीच चिठ्ठी वाचवू शकत नाही. आधी बॅटरी बदलून पाहा. मग सळई आणि दांड्याच्या सांध्यात पाणी गेलंय का ते पाहा, नळाखाली उभा धुतलेल्यांना हे हमखास होतं. दोन दिवस कोरडा ठेवून पुन्हा तीन वेळा घ्या. तरीही आकडे नाचत असतील तर तो ठेवू नका, आणि कामवाल्या बाईंना 'घेऊन जा' म्हणून देऊही नका.

जाऊबाईंचा तीन वेळा एकच आला. तो अजून आहे. दिवाळीच्या आधी आणि चातुर्मास लागताना, असा वर्षातून दोनदा आम्ही तो तपासतो, शिवाय हातातून पडला किंवा बॅटरी बदलली तरी. गेल्या दिवाळीत उकळत्या पाण्यात शंभर नाही, साडेशंभर दाखवला. चिठ्ठीवरचा शेवटचा आकडा खोडून आता अडीच लिहिलाय, आणि पुढे तारीख घातली आहे.